धुतल्यावर कॉलर-कफ का फुगतात? बकरम नीट चिकटवण्याची आणि टिकवण्याची पद्धत

कॉलरवर फोड दिसले की घरी इस्त्री आणखी गरम केली जाते, शिवणारा कापडाला दोष देतो आणि कापडवाला बकरमला, म्हणजे कॉलर ताठ ठेवणाऱ्या आतल्या थराला. कॉलर चिमटीत धरून आत नेमकं काय सुटलंय, हे मात्र कोणी बघत नाही. धुतल्यावर कॉलर किंवा कफ बिघडण्याची मुख्य कारणं तीन: कापड आणि बकरम कमी-जास्त आटणं, बकरम सुटणं आणि शिलाईचा ताण. बाहेरून तिन्ही प्रकार थोडेफार सारखेच दिसतात, उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा.

इथे सुती शर्ट धरला आहे, म्हणजे पॉपलिन किंवा केंब्रिकसारखं पातळ विणीचं कापड, घरच्या किंवा छोट्या दुकानातल्या साध्या इस्त्रीने चिकटवलेलं. कारखान्यातल्या बकरम चिकटवणाऱ्या फ्यूजिंग मशीनला तापमान, वेळ आणि दाब तिन्ही ठरवून देता येतात. आपल्याला ते हाताने जमवायचं असतं आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

## आधी समजून घ्या: गोंद धरतो कसा आणि सोडतो कसा

कॉलरला तीन थर असतात. वरचं कापड, खालचं कापड आणि मध्ये बकरम. दुकानात फ्यूजिंग किंवा पेस्टिंग म्हणून मागतो त्या बकरमच्या एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असतात. बोट फिरवलं की खरखर लागते, उजेडात तिरकं धरलं की चकाकतात. हा गोंद म्हणजे उष्णतेने वितळणारं प्लास्टिक. इस्त्रीखाली ते पातळ होतं, दाबाने कापडाच्या धाग्यांमध्ये शिरतं आणि थंड झालं की तिथेच गोठतं. पकड येते ती धाग्यांमध्ये अडकून बसल्यामुळे. त्यामुळे ठिपका कापडात किती खोल गेला, यावर सगळं अवलंबून असतं. नुसता वरवर टेकलेला ठिपकाही थंड झाल्यावर चिकटल्यासारखाच दिसतो.

शर्टाच्या कॉलरच्या बकरमवर बहुधा जास्त घनतेचं पॉलिएथिलीन असतं. ते साधारण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि पाण्यातल्या धुण्याला चांगलं टिकतं, पण त्याला दाब भरपूर लागतो. कोटाच्या बकरमवर बऱ्याचदा पॉलिअमाइड असतं. ते ड्रायक्लीनला चांगलं, पण साबणाच्या गरम पाण्यात वारंवार धुण्यासाठी तितकंसं नाही. म्हणून कोटाचं उरलेलं बकरम शर्टाला वापरू नका, हाताला कितीही छान लागलं तरी.

आता पकड ढिली कशी होते ते पाहा. सुती धागा पाणी पितो तेव्हा जाड होतो. धागे जाड झाले की त्यांना एकमेकांवरून वळसा घ्यायला जास्त लांबी लागते, म्हणून कापड आखडतं. वाळलं की धागा पुन्हा बारीक होतो. गोंदाचा ठिपका मात्र ना फुगतो ना आखडतो. प्रत्येक धुण्यात ठिपक्याच्या कडेला ही ओढाताण होते, त्यात पिळणं, घासणं आणि मशीनमधलं आपटणं असतंच. मानेजवळ घाम आणि त्वचेचं तेल मुरतं, ते काढायला आपण तिथेच जास्त साबण आणि जास्त जोर लावतो. शिवाय सुती कापडाच्या सेटिंगवर इस्त्री २०० अंशांपर्यंत तापते, म्हणजे दर इस्त्रीला गोंद थोडाफार मऊ पडतो.

खोल बसलेला ठिपका हे सगळं वर्षानुवर्षं सोसतो. वरवर बसलेला तिसऱ्या-चौथ्या धुण्यातच सुटतो. एक सुटला की शेजारच्यावर ताण येतो आणि फोड पसरत जातो. त्यामुळे ‘धुऊन धुऊन बकरम सुटलं’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते पहिल्या दिवसापासूनच अर्धवट चिकटलेलं असतं.

## टप्पा १: बिघाड ओळखा

शर्ट धुऊन पूर्ण वाळलेला असावा, इस्त्री केलेली नसावी. इस्त्रीने खुणा झाकल्या जातात. उजेडाकडे तोंड करून कॉलर सपाट टेबलावर ठेवा आणि या क्रमाने बघा.

१. फोड आहे तिथलं वरचं कापड चिमटीत धरून हलकेच चोळा. कापड बकरमवरून सरकलं, उचललं गेलं, तर तिथला गोंद सुटला आहे. पूर्ण सुटलेल्या जागी वरचा थर सैल पिशवीसारखा वेगळा धरता येतो.

२. कापड सरकत नाही, पण वरचा पृष्ठभाग बारीक खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखा झालाय? मग गोंद धरून आहे, पण बकरम कापडापेक्षा जास्त आटलं आहे. वरच्या कापडाला जागा कमी पडल्यामुळे ते ठिपक्या-ठिपक्यांमध्ये उचललं गेलंय.

३. याच्या उलट, कॉलरची टोकं वर वळली असतील, कफ बाहेरच्या बाजूला वळत असेल किंवा आत बोटाला बकरमची उभी घडी लागत असेल, तर कापड जास्त आटलं आहे. आखडलेलं कापड बकरमला ओढून धरतं. गोंद सुटला की जास्तीचं बकरम आतल्या आत दुमडतं.

४. मधला भाग सपाट आहे आणि चुण्या फक्त कडेच्या टिपेला चिकटून आहेत? मग बकरमचा संबंध नाही, दोष शिलाईत आहे. खात्री करायची तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी दोन-तीन टाके ब्लेडने कापा. कापल्याबरोबर तेवढी चुणी मोकळी झाली तर दोऱ्याचा ताण हेच कारण.

सावधान: दोन दोष एकत्र असू शकतात. आटण्यातला फरक फार असेल तर तोच ओढून ओढून गोंद सोडवतो. अशा वेळी नुसतं पुन्हा चिकटवून काही उपयोग नाही, पुढच्याच धुण्यात फोड परत येतो.

## टप्पा २: कापड आणि बकरम आटवून घ्या

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच. गिऱ्हाईक घाईत असतं, आणि ‘हे कापड आटत नाही’ असं दुकानदाराने सांगितलेलं असतं. नसेलही आटत. तुकडा धुऊन पाहायला खर्च काही नाही.

कापडावर आणि बकरमवर प्रत्येकी २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा. उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवा, नाहीतर धुतल्यावर कोणती बाजू कोणती ते कळत नाही. आखायला पाण्यात न जाणारं पेन घ्या किंवा चार कोपऱ्यांना दोऱ्याचे टाके घाला. कापड शर्ट जसा धुतला जाणार तसंच धुवा. गिऱ्हाईक मशीनमध्ये गरम पाण्यात धुणार असेल तर चाचणीही तशीच. बकरमचा तुकडा कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून, न पिळता सपाट वाळवा. त्याला इस्त्री नाही, कारण गोंद आहे. कापडाचा तुकडा मात्र न ओढता हलकी इस्त्री करून मोजा.

आकडे असे येतात. समजा उभ्या धाग्याच्या दिशेने कापडाचे २५ सेंटिमीटर धुतल्यावर २४.२ झाले आणि बकरमचे २४.८. म्हणजे कापड ३.२ टक्के आटलं, बकरम ०.८ टक्के. फरक २.४ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो. पण कॉलरची लांबी ४० सेंटिमीटर आणि ती उभ्या धाग्यावर कापलेली असेल, तर धुतल्यावर कापड जवळजवळ १३ मिलिमीटर आखडेल आणि बकरम तीनच मिलिमीटर. दोघांच्या लांबीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडला. ते जास्तीचं सेंटिमीटरभर बकरम जाणार कुठे? ते कॉलरमध्येच वळतं, फुगतं आणि दुमडतं. २४ सेंटिमीटरच्या कफमध्ये हाच फरक सहा मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणूनच एकाच शर्टात आधी कॉलर बिघडते आणि कफ थोडा उशिरा.

आडव्या दिशेनेही मोजा. विणताना आणि पुढच्या प्रक्रियेत उभा धागा ताणलेला असतो, म्हणून सुती कापड सहसा उभ्या दिशेने जास्त आटतं. पण कॉलर कोणत्या दिशेने कापणार त्यावर कोणता आकडा कामाचा ते ठरतं. रेघांच्या कापडात पाठीवर रेघा उभ्या दिसाव्यात म्हणून कॉलरची लांबी बऱ्याचदा आडव्या धाग्यावर येते.

चाचणीत कापड एक टक्क्याहून जास्त आटलं तर सगळं कापड कापण्याआधी पाण्यातून काढा. बादलीत दोन-तीन तास बुडवून ठेवा, पिळू नका, निथळत वाळवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. मग तोच चौकोन पुन्हा धुऊन मोजा. दुसऱ्या वेळी २४.२ चे २४.१ झाले, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आत आलं, की कापायला घ्या. अजून आटत असेल तर आणखी एकदा पाण्यातून काढा. विणलेलं बकरमही कोमट पाण्यातून काढून घ्या. न विणलेल्या, कागदासारख्या बकरमला सहसा त्याची गरज पडत नाही.

तपासणी: शेवटच्या धुण्यातला कापड आणि बकरमचा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत हवा. एक टक्क्यापर्यंत चांगला चिकटलेला गोंद सांभाळून घेतो. त्यापुढे गेलात तर बकरम बदला, गोंदावर भिस्त ठेवू नका.

धुताना सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि गोंद आत शिरत नाही. ‘इस्त्री नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या किंवा फार गुळगुळीत फिनिशच्या कापडांचीही हीच अडचण असते. त्यांच्यासाठी पुढची पट्टी-चाचणी कधीच सोडू नका.

## टप्पा ३: पट्टी चिकटवून बघा

मीटरवर मिळणाऱ्या बकरमसोबत सूचना नसतात. तुमची इस्त्री नेमकी किती तापते हेही डायल सांगत नाही. दोन्हीचा अंदाज एका पट्टीवर येतो.

शर्टाच्याच कापडाच्या ५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब अशा तीन पट्ट्या कापा. त्यांवर तेवढंच बकरम, खरखरीत बाजू कापडाच्या उलट बाजूकडे. प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला दोघांमध्ये कागदाचा कपटा सरकवून ठेवा, म्हणजे तिथे पकडायला मोकळी जीभ राहील. पहिली पट्टी ८ सेकंद दाबा, दुसरी १२, तिसरी १६. दाबायचं कसं ते पाचव्या टप्प्यात आहे. दहा मिनिटं सपाट थंड होऊ द्या.

मग मोकळी जीभ धरून सावकाश सोला. बकरम सरसर सुटलं आणि ठिपके बकरमवरच राहिले, तर गोंद कापडात गेलाच नाही. जोर लावावा लागला आणि सोलताना बकरमचे तंतू कापडाला चिकटून आले, तर पकड बसली. आता सुलट बाजू बघा. कापडावर बारीक ठिपके उमटले असतील किंवा ओलसर चकाकी दिसत असेल, तर उष्णता जास्त झाली. गोंद कापड ओलांडून बाहेर आला, आणि जोडाच्या जागी कमी उरला. असं जास्त भाजलेलं बकरम कडक लागतं, पण धुण्यात कमी टिकतं.

ज्या वेळेला पकड चांगली आली ती वेळ धरून आणखी एक पट्टी करा आणि ती तीनदा धुऊन पुन्हा सोलून बघा. धुतल्यावर पकड थोडी कमी होणारच. पण बोटाने सहज सुटायला लागली तर उष्णता नव्हे, आधी दाब वाढवा. दाब वाढवूनही फरक पडला नाही तर या कापडाला हे बकरम चालणार नाही.

## टप्पा ४: कापणी

बकरमचा उभा धागा आणि कापडाचा उभा धागा एकाच दिशेत ठेवा. बकरम वाचवण्यासाठी ते आडवं फिरवून बसवलं की मोजमापाची सगळी मेहनत फुकट जाते.

बकरम शिलाईच्या मायेत, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडात, जाऊ देऊ नका. ते शिलाईरेषेच्या एक-दीड मिलिमीटर आत संपलं पाहिजे. टिपेत सापडलेलं बकरम वळवताना कडेला जाड होतं, कडेची दाबटीप वरखाली होते आणि कोपरा नीट वळत नाही.

खालचं कापड वरच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवा, लांबीत आणि रुंदीत. कॉलर मानेभोवती वळते तेव्हा बाहेरच्या थराला जास्त वाट लागते. दोन्ही थर सारखे कापले तर आतलं कापड गोळा होऊन चुण्या पडतात, आणि बघणारा त्याचं खापर धुण्यावर फोडतो.

## टप्पा ५: चिकटवणं

इस्त्रीचा मऊ बोर्ड इथे नको. गादी दाब खाऊन टाकते. कडक टेबलावर किंवा लाकडी फळीवर एक सुती चादर एकपदरी पसरा. इस्त्रीतलं पाणी काढून टाका, वाफ बंद. वाफेच्या छिद्रांखाली दाब पडत नाही, आणि ओल असेल तर उष्णता गोंद वितळवण्याऐवजी पाणी उडवण्यात जाते.

१. इस्त्री सुती कापडाच्या सेटिंगवर तापू द्या. दिवा गेल्यावर लगेच सुरुवात करू नका, तापमान स्थिरावायला आणखी दोन-तीन मिनिटं द्या.

२. कापडाचा तुकडा उलट बाजू वर करून ठेवा आणि पाच सेकंद नुसती इस्त्री फिरवा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कापडात नकळत दमटपणा असतो, तो इथे जातो. सुरकुत्याही आत्ताच काढा, बकरमखाली अडकलेली सुरकुती कायमची राहते.

३. बकरम खरखरीत बाजू खाली करून ठेवा. कापड ओढून ताणू नका. वरून पातळ सुती फडकं टाका, म्हणजे निसटलेला गोंद इस्त्रीला लागणार नाही.

४. मध्यापासून सुरू करा. इस्त्री वरून सरळ खाली टेकवा, दोन्ही हातांनी, खांद्याचा भार देऊन दाबा आणि चाचणीत ठरलेले सेकंद मोजा. मनात नाही, घड्याळात. मनातले बारा सेकंद बहुधा सात निघतात.

५. इस्त्री सरळ वर उचला, अर्ध्या इस्त्रीएवढी पुढे नेऊन पुन्हा टेकवा. जुन्या आणि नव्या जागा एकमेकींवर चढल्या पाहिजेत. मध्यापासून एका टोकाकडे, मग परत मध्यावर येऊन दुसऱ्या टोकाकडे.

सावधान: इस्त्री घासत नेऊ नका. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण हाताला कपडे इस्त्री करायची सवय असते. वितळलेल्या गोंदावर इस्त्री घासली की बकरम कापडाच्या पुढे सरकतं आणि तसंच गोठतं. त्या वेळी सपाट दिसतं. पहिल्या पाण्यात कापड आपल्या जागी परत येऊ बघतं आणि टोकाजवळ लाट उठते.

६. तुकडा न वाकवता उलटा करा आणि सुलट बाजूने फडक्यावरून चार-पाच सेकंद दाबा.

७. आता हात लावू नका. गरम असताना उचललेला तुकडा वाकतो आणि अर्धवट गोठलेले ठिपके जागेवरून हलतात. सपाट, एकावर एक न ठेवता, दहा मिनिटं. दुकानात एकामागून एक तुकडे दाबून गठ्ठा रचतात. मधले तुकडे बराच वेळ गरमच राहतात आणि वरच्यांच्या वजनाने सरकतात.

तपासणी: थंड झाल्यावर बकरमचा कोपरा नखाने उचलून बघा. सहज उचलला गेला तर तो कोपरा पुन्हा दाबा. इस्त्रीचं टोक निमुळतं असतं, त्यामुळे कॉलरच्या टोकांना हमखास कमी दाब मिळतो, आणि शर्ट घातल्यावर सगळ्यात जास्त वाकवलीही जातात ती टोकंच.

## टप्पा ६: शिलाई

इथे दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा पाण्यात आटतो आणि टीप गोळा करतो. आणि वरच्या दोऱ्याचा ताण कमीत कमी ठेवा. शर्टिंगसाठी ११ किंवा १२ नंबरची सुई आणि दोन-अडीच मिलिमीटरचा टाका पुरतो. चिकटवलेल्या दोन उरलेल्या तुकड्यांवर वीतभर टीप मारून बघा. टीप सोडताच तुकडा आखडला तर ताण आणखी सैल करा. शिवताना सपाट दिसलेली टीप धुतल्यावर चुण्या दाखवते, कारण ताणलेला दोरा पाण्यात आपल्या मूळ लांबीवर परत येतो.

## टप्पा ७: धुणं आणि इस्त्री

कॉलरवर ब्रश घासू नका. मानेच्या काळ्या रेषेवर साबणाचं दाट पाणी लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि बोटांनी चोळा. ब्रशच्या एका फटकाऱ्यात कापड बकरमवरून ओढलं जातं, आणि आपण तर तीस-चाळीस फटकारे मारतो. शर्ट उलटा करून धुवा. पाणी कोमट, ४० अंशांच्या आत. कॉलर आणि कफ पिळू नका. वाळत घालताना कॉलर उभी करून हाताने सपाट करा. गरम ड्रायर टाळा, त्यात मऊ पडलेला गोंद असतानाच कापड आपटत राहतं.

इस्त्री करताना कॉलर थोडी दमट असू द्या. आधी खालची बाजू, मग वरची, आणि दोन्ही वेळी टोकाकडून मध्याकडे. मध्याकडून टोकाकडे ओढलं की जास्तीचं कापड टोकाला जमा होतं आणि तिथे घडी बसते. एका हाताने कॉलर ताणून धरायची सवय असेल तर ती सोडा. सुती आणि पॉलिएस्टरच्या मिश्र कापडाला मधलं सेटिंग, म्हणजे १५० अंशांच्या आसपास, पुरतं.

इस्त्री झाली की दोन मिनिटं कॉलर सपाट राहू द्या, मग घडी मोडा. गरम कॉलर लगेच वळवून बटण लावलं तर मऊ गोंद त्या वळणात गोठतो. इस्त्रीवाल्याकडून गरमागरम शर्ट आणून तसाच अंगात चढवणाऱ्यांच्या कॉलरी लवकर का सुटतात, हे यावरून लक्षात येईल.

## टप्पा ८: बिघडलेली कॉलर

पहिल्या टप्प्यातली चिमटीची खूण इथे कामाला येते.

गोंद सुटला आहे, पण फोड लहान आहे आणि आटण्याचा दोष नाही, अशा वेळी पुन्हा दाबून बघता येतं. कॉलर धुऊन पूर्ण वाळवा, तेलकटपणा राहायला नको. कडक टेबलावर सुलट बाजू वर ठेवा, फडकं टाका, फोडाच्या मध्यापासून बाहेर असं पंधरा सेकंद दाबा आणि वर लाकडी फळी ठेवून थंड होऊ द्या. काही धुणी निघतात. तो फोड परत आला तर आतला गोंद संपला आहे, तिसऱ्यांदा दाबून हाती काही लागत नाही.

आटण्याचा दोष असेल तर इस्त्रीने तो जाणार नाही. कॉलर उसवून बकरम बदलावं लागतं. जुनं बकरम काढताना ते इस्त्रीने गरम करा आणि गरम असतानाच सोला, थंड सोललं तर कापड फाटतं. कापडावर गोंदाचा अंश राहतो, त्यामुळे नवा गोंद तिथे तितका खोल जात नाही. दाबाची वेळ दोन-चार सेकंद वाढवा, पण आधी आतल्या मायेवर बघून. एक गोष्ट मात्र सोपी झालेली असते: इतक्या धुण्यांनंतर हे कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं. आटवायचं उरतं ते फक्त नवीन बकरम.

तिसरा मार्ग जुन्या शिंप्यांचा आणि माझ्या मते चांगल्या कापडाच्या शर्टाला सगळ्यात परवडणारा, कॉलर उलटवण्याचा. बकरम बहुतेक वेळा वरच्या कापडाला चिकटवलेलं असतं, खालचं कापड मोकळं असतं आणि मानेला न घासल्यामुळे नवंच राहतं. कॉलर तिच्या खालच्या, गळ्याला जोडलेल्या पट्टीपासून उसवायची, मध्यावर खूण करायची, उलटी करून त्याच टिपेच्या भोकांवर पुन्हा बसवायची. फोड आलेली बाजू खाली जाते. उसवण्याआधी खालच्या बाजूला प्लास्टिकच्या काड्या घालायच्या चिरा आहेत का ते मात्र बघून घ्या, कारण त्या आता वर येतील. टोकांना बटणं लावायची कॉलर असेल तर काजांची बाजू उलटी पडते, तिथे हा मार्ग चालत नाही. आणि खालचं कापड दोन-तीन मिलिमीटर लहान कापलेलं असल्यामुळे उलटवल्यावर कडेची शिलाई जराशी वर डोकावते. दमट कापड टाकून कड दाबून घेतली की ती बरीचशी मागे जाते.

कफ असा उलटवता येतो तो फक्त दुमडत नसलेला, एका बटणाचा असेल तर. मात्र काज आणि बटण डाव्या-उजव्या बाजूला अदलाबदल होतात, म्हणून डावा कफ उजव्या बाहीला आणि उजवा डाव्या बाहीला लावायचा.